सरकवलेला स्टॉपलॉस आणि खोटं बोलणारं जर्नल: मोडलेल्या नियमाचा हिशोब कसा काढायचा

माझा एक मित्र ट्रेडिंग करतो. नियम त्याचे स्वतःचेच, आणि मोजकेच: एका ट्रेडमध्ये खात्याच्या एक टक्क्याहून जास्त जोखीम घ्यायची नाही, ट्रेड घेतानाच स्टॉपलॉस लावायचा, आणि लावलेला स्टॉप तोट्याच्या बाजूला कधीही सरकवायचा नाही. खातं ५,००,००० चं, म्हणजे एका ट्रेडची जोखीम ५,०००. जर्नलही तो नियमित लिहायचा. तरीही चार महिन्यांत ४० ट्रेड करून खातं १५,००० ने खाली आलं, तेव्हा तो मला म्हणाला, "माझी पद्धतच चालत नाहीये. दुसरं काहीतरी शोधायला हवं."

मी म्हटलं, "पद्धत बदल, पण आधी ती वही दाखव."

पुढे आहे ती त्या वहीची गोष्ट, आणि तिच्यातून आम्ही हिशोब कसा काढला त्याच्या पायऱ्या. तुमच्या जर्नलवर हेच करायला एक शनिवार-रविवार पुरतो.

तो मंगळवार

शेअर ४१२ ला घेतला. स्टॉप ४०२, लक्ष्य ४३२. एका शेअरमागे जोखीम १०, म्हणून क्वांटिटी ५००. इथपर्यंत सगळं नियमात.

दुपारी भाव ४०४ वर आला. स्टॉप लागायला दोनच अंक उरले होते. त्याने ऑर्डर उघडली आणि स्टॉप ३९७ केला. तासाभराने भाव ३९८ वर आला, तेव्हा त्याने स्टॉपची ऑर्डर रद्दच केली. बाजार बंद होताना भाव ३९५.५ होता. वहीत त्या दिवशीचं वाक्य: "उगाच हलवतायत, उद्या परत येईल."

बुधवारी बाजार ३८६ वरच उघडला. मग त्याने ३८५ ला आणखी ५०० शेअर घेतले. सरासरी ३९८.५ झाली आणि मनातला स्टॉप ३७५ ठरला. गुरुवारी भाव ३९१ पर्यंत गेला, पण सरासरीपर्यंत काही पोचला नाही. शुक्रवारी पडझड झाली आणि शेवटी ३७१ ला त्याने सगळं विकलं. १,००० शेअरवर प्रत्येकी २७.५, म्हणजे २७,५०० चा तोटा. मंगळवारी स्टॉप लागू दिला असता तर ५,००० गेले असते, स्लिपेज धरून फार तर थोडे जास्त.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. बुधवारच्या गॅपला दोष देता येत नाही. रात्रीतून भाव खाली उघडला तर स्टॉपही वाचवत नाही. ४०२ चा स्टॉप असेल आणि बाजार थेट ३८६ वर उघडला, तर साधी स्टॉप ऑर्डर ३८६ च्या आसपासच भरली जाते, आणि लिमिट लावलेली स्टॉप ऑर्डर कदाचित भरलीच जात नाही. पण इथे भाव मंगळवारी भर बाजारात ४०२ मधून खाली गेला होता. स्टॉप तिथेच असता तर गॅप येईपर्यंत हातात शेअरच नसते.

पहिली पायरी: मूळ स्टॉप शोधून काढा

वही उघडल्यावर मला वाटलं होतं की हा ट्रेड लाल शाईत ओरडत असेल. तसं काहीच नव्हतं. शीटमध्ये त्याच्या नावापुढे तोटा लिहिला होता १.२ आर. आर म्हणजे ट्रेड घेताना ठरवलेली जोखीम. स्टॉप जिथल्या तिथे लागला तर तोटा १ आर असतो. म्हणजे शीटनुसार हा जवळजवळ शिस्तीतला ट्रेड होता!

झालं असं होतं की अॅव्हरेज केल्यावर त्याने त्या ओळीत खरेदीचा भाव ४१२ पुसून ३९८.५ लिहिला, क्वांटिटी १,००० केली आणि स्टॉपच्या रकान्यात ३७५ टाकला. नवी जोखीम २३,५०० झाली. २७,५०० ला तिने भागलं की येतात १.२. आकडेमोड बरोबर होती, पण पायाच बदलला होता. जितकी जास्त जोखीम वाढवाल तितका तोटा आरमध्ये लहान दिसेल, अशी ही गंमत. मी पाहिलेल्या जर्नलांमध्ये ही चूक सर्वांत जास्त सापडते, आणि लिहिणाऱ्याला ती चूक वाटत नाही, कारण तो प्रामाणिकपणे "ताजी माहिती" भरत असतो.

म्हणून सगळ्यांत आधी ब्रोकरच्या ऑर्डरबुकचा इतिहास काढायचा. त्यात प्रत्येक स्टॉप ऑर्डर कधी लावली, किती वेळा बदलली, कधी रद्द केली, हे वेळेसकट मिळतं. काही ठिकाणी बदलांचा तपशील थोडेच दिवस दिसतो, त्यामुळे तो दर आठवड्याला उतरवून ठेवलेला बरा. शीटमध्ये "मूळ स्टॉप" नावाचा रकाना करायचा आणि त्यात पहिला आकडा एकदाच लिहायचा. नंतरचे बदल वेगळ्या रकान्यात. मूळ स्टॉप, मूळ खरेदी भाव आणि मूळ क्वांटिटी या तीन चौकटी लॉक करून टाका.

इतिहासात स्टॉप सापडलाच नाही, म्हणजे तो फक्त मनात होता, तर त्या दिवशीच्या नोंदीत किंवा चार्टवर काही लिहिलंय का बघा. तेही नसेल तर तो ट्रेड "स्टॉप नव्हता" म्हणून बाजूला ठेवा. आता अंदाजाने स्टॉप भरू नका. निकाल माहीत असताना भरलेला स्टॉप हमखास सोयीच्या जागी पडतो.

दुसरी पायरी: प्रत्येक तोटा मूळ जोखमीने मोजा

बरेचजण शीटमध्ये भावांवरून आर काढतात: विक्रीभाव वजा खरेदीभाव, भागिले खरेदीभाव वजा स्टॉप. या ट्रेडमध्ये ३७१ वजा ४१२ म्हणजे उणे ४१, भागिले १०, उत्तर उणे ४.१. हेसुद्धा कमीच, कारण अॅव्हरेज करून वाढवलेली क्वांटिटी यात धरलेली नाही. पैशांवरून काढलं की काही लपत नाही:

```
=I2/(E2*(C2-D2))
```

इथे I मध्ये सगळे खर्च वजा जाता झालेला नफा किंवा तोटा, E मध्ये मूळ क्वांटिटी, C मध्ये मूळ खरेदी भाव आणि D मध्ये मूळ स्टॉप. हे सूत्र खरेदीच्या ट्रेडसाठी आहे. आधी विकून मग घेतलेल्या ट्रेडसाठी C आणि D ची अदलाबदल करायची. मित्राच्या ट्रेडचं उत्तर आलं उणे ५.५ आर.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. २७,५०० हा आकडा त्याला पाठ होता, पण साडेपाच आर म्हणजे आपण एका ट्रेडमध्ये साडेपाच ट्रेड हरलो, हे त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिसरी पायरी: नियमाने झालेले आणि मोडून झालेले ट्रेड वेगळे करा

नियम मोडला असं कधी म्हणायचं, ते आधी ठरवून घ्या, नाहीतर प्रत्येक ट्रेडवर वाद होतो. आम्ही चार गोष्टी धरल्या: स्टॉप तोट्याच्या बाजूला सरकवला, रद्द केला, लावलाच नाही, किंवा तोट्यात असताना आणखी माल घेतला. नफ्यातला ट्रेड सांभाळायला स्टॉप वर आणणं यात येत नाही. एक बारकावा लक्षात ठेवा: ट्रेड शेवटी नफ्यात सुटला तरी स्टॉप सरकवला असेल तर तो मोडलेल्यांत जातो. निकालाकडे न बघता खूण करायची. त्यासाठी मी नफातोट्याचा रकाना चक्क लपवून ठेवला होता.

४० पैकी ३४ ट्रेड नियमाने झालेले निघाले आणि ६ मोडून. तो म्हणाला, "सहाच? मला वाटलं होतं निम्मे असतील." मला मात्र उलट वाटलं होतं, की तो दोन-तीनच सांगेल.

३४ ट्रेडमध्ये १३ जिंकलेले होते, साधारण २ आरने, म्हणजे अधिक २६. हरलेले २१, साधारण १ आरने, म्हणजे उणे २१. निव्वळ अधिक ५ आर. पद्धत चालत होती. फार जोरात नाही, पण चालत होती. लक्ष्य जोखमीच्या दुप्पट असताना तीनपैकी एक ट्रेड जिंकला तर बरोबरी होते. त्याचं प्रमाण ३८ टक्के होतं. एवढ्या पातळ फायद्यावर चालणाऱ्या पद्धतीत ३४ शिस्तीच्या ट्रेडनी कमावलेलं सगळं त्या एका मंगळवारच्या ट्रेडने खाल्लं, वर अर्धा आर आणखी घेऊन गेला.

चौथी पायरी: "नियमाने काय झालं असतं" हा रकाना भरा

लोक बहुतेक ही पायरी गाळतात, आणि खरी गोष्ट इथेच आहे.

मोडलेल्या सहा ट्रेडचा एकूण तोटा काढून "बघ, नियम मोडल्याचे इतके गेले" म्हणणं चुकीचं आहे. नियम पाळला असता तर त्यातल्या काही ट्रेडमध्ये तोटा झालाच असता. म्हणून प्रत्येक ट्रेडचा चार्ट उघडायचा, खरेदीच्या क्षणापासून पुढे सरकायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: मूळ स्टॉप आधी लागला की मूळ लक्ष्य? एकाच कॅन्डलमध्ये दोन्ही आले तर लहान टाइमफ्रेमवर जा. तिथेही ठरत नसेल तर स्टॉप लागला असं धरा. स्टॉप गॅपमध्ये ओलांडला गेला असेल तर स्टॉपचा भाव न लिहिता उघडण्याचा भाव लिहा.

सहा ट्रेड असे निघाले. दोन ट्रेड जोरात बुडाले: एक उणे ५.५, दुसरा उणे ३. दोन्हींत नियमाने उणे १ च झालं असतं. आणखी दोनांत मूळ स्टॉप ओलांडून भाव परत आला, आणि मित्र अधिक ०.१ व उणे ०.२ वर सुटला. इथे नियमाने उणे १ झालं असतं, म्हणजे नियम मोडून तो खरोखर वाचला होता. हे दोन ट्रेड त्याला तारखांसकट आठवत होते.

उरलेल्या दोन ट्रेडवर मीही थबकलो. त्यांत भाव मूळ स्टॉपला शिवलाच नव्हता. स्टॉप जवळ येतोय एवढ्या भीतीने त्याने तो आधीच खाली नेला, भाव तिथूनच वळला, आणि खरेदीच्या किमतीवर जरासा येताच "सुटलो बुवा" म्हणत तो बाहेर पडला: अधिक ०.२ आणि अधिक ०.४. दोन्ही ट्रेड पुढे लक्ष्यापर्यंत गेले. काहीही न करता प्रत्येकी अधिक २ मिळाले असते.

आता बेरीज. प्रत्यक्षात सहा ट्रेडचे मिळून उणे ८ आर. नियमाने तेच सहा ट्रेड बरोबर शून्यावर. त्याच्या मते "वाचवलेल्या" चार ट्रेडमधून त्याला मिळाले अर्धा आर, तर नियमाने त्याच चारांतून २ आर मिळाले असते. स्टॉप सरकवल्यावर डोक्यातलं उद्दिष्टच बदलतं. आधी ४३२ गाठायचं असतं, मग फक्त ४१२ परत मिळायला हवं असतं. त्यामुळे तोटा मोठा होतो आणि नफा लहान, दोन्ही एकाच कृतीने.

हे एकट्याचं नाही. टेरन्स ओडीन यांनी १९९८ साली दहा हजार खात्यांचे व्यवहार तपासून दाखवलं की लोक नफ्यातले शेअर विकायला तयार असतात आणि तोट्यातले धरून बसतात, आणि विकलेले शेअर पुढच्या वर्षभरात धरून ठेवलेल्यांपेक्षा सरासरीने सरस ठरले.

एकूण हिशोब असा: पाच वजा आठ, उणे ३ आर, म्हणजे ते १५,०००. नियमाने पाच अधिक शून्य, अधिक ५ आर, म्हणजे २५,०००. सहा ट्रेडवरून नेमकं भाकीत करता येत नाही, हे खरं. पुढच्या सहांत आकडा वेगळा येईल. पण रचना तीच राहील: वाचलेल्या ट्रेडचा फायदा जास्तीत जास्त एखाद्या आरचा, बुडालेल्याला मर्यादाच नाही.

पाचवी पायरी: स्टॉपच फार जवळ आहे का, तेही तपासा

मित्राने अपेक्षित प्रश्न विचारला: "पण माझे स्टॉप लागतात आणि मग भाव पळतो, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे, फक्त तो चालू ट्रेडमध्ये विचारायचा नसतो. जर्नल त्याचं उत्तर देतं.

जिंकलेल्या प्रत्येक ट्रेडमध्ये लक्ष्य गाठण्याआधी भाव जास्तीत जास्त किती विरोधात गेला, ते आरमध्ये लिहा. त्याच्या १३ पैकी ११ ट्रेड ०.६ आरपेक्षा जास्त विरोधात गेलेच नव्हते. म्हणजे चांगला ट्रेड सहसा लवकरच सावरतो आणि ०.८ च्या पुढे गेलेला ट्रेड क्वचित वाचतो. मित्र नेमका तिथेच स्टॉप सरकवत होता.

मग हरलेल्या २१ ट्रेडकडे वळलो. दीडपट दूरचा स्टॉप असता तर किती ट्रेड वाचून लक्ष्याला गेले असते? त्याच्या आठवणीत "बरेच" होते. चार्टवर ३ निघाले. आता स्टॉप दीडपट दूर म्हणजे तेवढ्याच जोखमीत क्वांटिटी दोन तृतीयांश, आणि तेच लक्ष्य गाठलं तर कमाई २ आरऐवजी १.३३ आर. १६ जिंकलेले गुणिले १.३३ म्हणजे २१.३, वजा हरलेले १८, उरले ३.३ आर. आधीच्या ५ पेक्षा कमी. स्टॉप होता तिथेच ठेवायचा ठरला. तुमच्या आकड्यांत उलट निघालं, तर खुशाल स्टॉप दूर न्या, पण पुढच्या ट्रेडपासून आणि क्वांटिटी कमी करून.

सहावी पायरी: कारणाचे शब्द वाचा

सहाही ट्रेडच्या नोंदी आम्ही सलग वाचल्या. "परत येईल" चार वेळा. "बंद होताना बघू" दोनदा. नव्या बातमीचा किंवा चार्टवरच्या बदलाचा उल्लेख एकातही नाही. सहापैकी पाच वेळा आधीचा ट्रेड तोट्यात गेला होता. मी लगेच निष्कर्ष काढणार होतो, पण नियमाने झालेल्या ३४ पैकीही १८ ट्रेड तोट्यानंतरचेच होते. ज्याचे बहुतेक ट्रेड हरतात त्याचा मागचा ट्रेड बहुधा हरलेलाच असणार. फरक आहे, पण एवढ्याशा नोंदींवर तो सूचनेइतकाच धरला.

मग काय बदललं

फार काही नाही. ट्रेड आणि स्टॉप आता एकाच वेळी, जोडलेल्या ऑर्डरने जातात, म्हणजे एक भरली की दुसरी आपोआप लागते. स्टॉप बदलायचा असेल तर बदलण्याआधी वहीत एक ओळ लिहायची: वेळ, भाव, जुना स्टॉप, नवा स्टॉप, आणि ट्रेड घेतल्यापासून नवीन काय कळलं. शेवटच्या जागी "परत येईल" लिहिता येत नाही. आणि तरीही सरकवलाच, तर पुढचे दहा ट्रेड अर्ध्या क्वांटिटीने. ही शिक्षा म्हणून नाही ठेवली. शिस्त ढळलेल्या दिवसांत पैसे कमी पणाला लागावेत, एवढ्याचसाठी.

"यापुढे भावना येऊ देणार नाही" असंही त्याने एका पानावर लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. ते तपासणार कसं?

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. एका ट्रेडमध्ये भाव स्टॉपपासून दोन अंकांवर होता, त्याने ओळ लिहायला घेतली, पण शेवटच्या जागी लिहायला काही सापडेना. तेवढ्यात स्टॉप लागला. दुसऱ्या दिवशी भाव वळला आणि थेट लक्ष्यावर गेला.

"लिहिलंस का?" मी विचारलं.

"लिहिलं. नियमाने, उणे १. स्टॉपनंतर लक्ष्य गाठलं, या रकान्यात होय. आता असे चार झाले," तो म्हणाला. "दहा झाले की स्टॉपचं अंतर परत मोजू."